चिऊ-काऊच्या कथेतील पुनरुक्ती आणि उत्तर कोकणातील तिचे रूप

ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील दापोडे हे गाव आज मालाच्या प्रचंड गोदामांमुळे ओळखले जाते. मानकोलीकडून अंजूर फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आसपास जेथे आज पत्र्याच्या छपरांच्या रांगा उभ्या आहेत, तेथे पूर्वी भाताची खाचरे होती. या पट्ट्यातील जुनी वस्ती मुख्यतः आगरी समाजाची. तिची बोली ती आगरी बोली. ग्रिअर्सनच्या भाषा-पाहणीच्या मराठीविषयक सातव्या खंडात (१९०५) कोकणातील बोलींमध्ये या बोलीची स्वतंत्र नोंद आहे. परंतु त्या पाहणीची पद्धत अशी होती, की बोलीबोलींची तुलना करता यावी म्हणून बायबलातील उधळ्या पुत्राचा दृष्टान्त प्रत्येक बोलीत उतरवून घ्यावयाचा. तुलनेसाठी ही पद्धत सोयीची होती, यात शंका नाही. तथापि, रात्री दिवा बारीक केल्यावर आई किंवा आजी दोन-अडीच वर्षांच्या मुलाशी ज्या भाषेत बोलते, ती भाषा अशा अनुवादात सापडणे शक्य नव्हते. प्रस्तुत लेखात त्या भाषेतील एकाच कथेचा विचार केला आहे. ती कथा म्हणजे चिमणीच्या मेणाच्या घराची आणि कावळ्याच्या शेणाच्या घराची.

ही कथा मराठी वाचकाला सांगावी लागत नाही. पाऊस येतो, कावळ्याचे शेणाचे घर वाहून जाते, आणि भिजलेला कावळा चिमणीच्या दाराशी येऊन दार उघडण्याची विनवणी करतो. चिमणी त्याला थांबावयास सांगते, कारण तिला आपल्या बाळाचे काही करावयाचे असते. कावळा पुन्हा विनवतो, चिमणी पुन्हा थांबवते, आणि दर वेळी बाळाचे एक नवे काम निघते. अखेरीस दार उघडते. कथानक म्हणून पाहिले तर यात फारसे काही नाही. अनेक अभ्यासकांनी तिला 'बालकथा' एवढे म्हणून सोडून दिले आहे, ते यामुळेच असावे. परंतु ही कथा ऐकविण्यासाठी रचलेली नसून निजविण्यासाठी रचलेली आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे तिच्या रचनेतील प्रत्येक उणीव ही सोय ठरते.

प्रथम तिच्या वयाविषयी. महानुभाव पंथाचे संस्थापक श्रीचक्रधर यांच्या आठवणींचा संग्रह असलेल्या 'लीळाचरित्रा'त, म्हणजे तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या मराठीतील आद्य गद्यग्रंथांत, हीच कथा आढळते. चक्रधर ती एका लहान मुलीला सांगतात. तेथे चिमणीच्या जागी साळई, म्हणजे साळुंकी आहे. परंतु कावळ्याचे घर शेणाचे, दुसऱ्या पक्ष्याचे मेणाचे, पावसाने शेणाचे घर जाणे आणि कावळ्याने दाराशी येणे, हा सर्व सांगाडा आजचाच आहे. ज्ञानेश्वरीच्या आगेमागेच्या काळात गोदावरीकाठच्या मुलांना जी कथा ठाऊक होती, ती सात शतकांनंतरही घरोघरी सांगितली जाते, ही घटना मराठी गद्याच्या इतिहासात असाधारण म्हटली पाहिजे. ओव्या आणि अभंग यांना छंदाचा आधार असतो. या कथेला तोही नाही.

येथे एक शंका घेता येईल, की ही कथा 'लीळाचरित्रा'वरूनच लोकांत पसरली असेल. ती शंका टिकत नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले होते, आणि पंथाबाहेरच्या वाचकाला ते शतकानुशतके अगम्य होते. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे प्रभृतींच्या प्रयत्नांनी या लिपीचे कोडे उलगडले. 'लीळाचरित्रा'ची मुद्रित आवृत्ती नेने यांच्या संपादनाने १९३० नंतरच्या दशकात सर्वसामान्य अभ्यासकांच्या हाती आली. तुळपुळे आणि कोलते यांच्या आवृत्त्या त्याहून पुढच्या. तेव्हा ग्रंथ कुलूपबंद होता आणि कथा मात्र दारोदार हिंडत होती. चक्रधरांनी ती घरगुती परंपरेतून उचलली आणि त्याच परंपरेने ती पुढे नेली, असेच मानले पाहिजे. लिखित नोंद ही या कथेच्या प्रवाहाच्या काठावरची एक खूण आहे, उगम नव्हे.

मग ज्या कथेला पुस्तकाचा आधार नाही आणि छंदाचाही नाही, ती इतकी स्थिर कशाने राहिली? याचे उत्तर तिच्या पुनरुक्त वाक्याच्या घडणीत आहे. ते उत्तर व्याकरणाचे आहे.

चिमणीच्या प्रत्युत्तराचा साचा पाहावा. आरंभी 'थांब' हे आज्ञार्थी रूप, मग 'बाळाला' हे चतुर्थ्यन्त पद, मग एक बदलते पद, आणि अखेरीस क्रियापद. बदलत्या जागी जी पदे येतात ती गृहिणीच्या रोजच्या कामांतली: न्हाऊ घालणे, अंगडे घालणे, टोपडे घालणे, काजळ घालणे, जेवू घालणे, पाळण्यात घालणे. मराठी भाषेने या एका 'घालणे' क्रियापदात बाळाची जवळजवळ सारी दिनचर्या गोळा केली आहे. तीट 'लावणे' आणि अंग 'पुसणे' असे एखादे दुसरे क्रियापद मधे येते खरे, पण पुन्हा 'घालणे' येतेच. परिणाम असा, की एका फेरीकडून दुसऱ्या फेरीकडे जाताना वाक्यातील एकच पद बदलते आणि बाकीचे सारे जसेच्या तसे राहते.

यातील दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, त्यामुळे नवे पद मध्ये पडते आणि वाक्याचा शेवट मात्र नेहमी ओळखीचा राहतो. इंग्रजीसारख्या भाषेत क्रियापद आधी आणि कर्म नंतर येते. तेथे याच वाक्याचा अनुवाद केला तर नवा शब्द अगदी अखेरीस, म्हणजे ऐकणाऱ्याचे लक्ष जेथे सर्वांत तीव्र असते तेथे, जाऊन पडेल. जागे करणाऱ्या कथेला ते हितावह आहे, निजविणाऱ्या कथेला नाही. मराठी वाक्यात मुलाचे मन क्षणभर नव्या शब्दावर चढते आणि लगेच ओळखीच्या उतारावरून खाली येते. प्रत्येक फेरीत हे चढणे-उतरणे होते, आणि दर वेळी चढ लहान होत जातो, कारण नव्या पदाची अपेक्षाही ऐकणाऱ्याला होऊ लागलेली असते. न्हाऊ घातल्यावर अंग पुसणार, अंग पुसल्यावर अंगडे घालणार, हे दोन वर्षांच्या मुलालाही माहीत असते. संध्याकाळी ते त्याच्यावरच घडलेले असते.

या क्रमात कथेचे मर्म आहे. चिमणीची कामे मनास येतील तशी एकामागोमाग येत नाहीत. तेल, न्हाणे, पुसणे, अंगडे, काजळ, तीट, घास, पाळणा, झोका, असा त्यांचा ओघ निजेकडे आहे. कावळ्याच्या प्रत्येक हाकेसरशी कथेतील बाळ झोपेच्या एकेक पायरीने जवळ जाते. कथेतील बाळ निजेपर्यंत कावळ्याला दार उघडले जात नाही, आणि तोपर्यंत ऐकणारे बाळ निजलेले असावे, अशी ही योजना आहे. भिजणाऱ्या कावळ्याविषयी करुणा वाटणे मोठ्या माणसाला साहजिक आहे. मुलाला ती फारशी वाटत नाही, कारण मूल या कथेत दाराच्या आतल्या बाजूस असते. बाहेर पाऊस, आत मेणाचे घर, आणि दार लावलेले. मेणाचे घर उन्हाळ्यात वितळेल, हा व्यावहारिक आक्षेप कोणी घेत नाही. कथा बहुधा पावसाळ्यातच संपते.

आता एका रात्रीच्या सांगण्याचा क्रम नीट लावून पाहू. मूल अडीच वर्षांचे आहे आणि अंथरुणावर पडलेले आहे असे धरावे. आरंभ नेहमीच्या बोलण्याच्या गतीने होतो. येथे घाई केली तरी चालते, कारण मूल अजून जागे आहे आणि त्याला काहीतरी घडावयास हवे असते. दोन पक्षी, दोन घरे, पाऊस, घर वाहून जाणे, हा भाग अर्ध्या-पाऊण मिनिटात आटपतो. कावळा दाराशी आला की गती बदलते. दारावरची थाप सांगणारी स्त्री पुष्कळदा मुलाच्या पाठीवर किंवा मांडीवर हलकेच थोपटून दाखविते, आणि ते थोपटणे पुढे कथा संपेपर्यंत थांबत नाही. थाप हा कथेतील प्रसंग आणि थोपटणे हा निजविण्याचा उपाय, या दोहोंची सांगड येथे इतकी सहज पडते, की ती कोणी शोधून काढली असेल असे वाटतच नाही.

पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत मूल सामील होते. चिमणी 'थांब' म्हणते तेव्हा तेही म्हणते. ही सामिलकी मोडू नये, परंतु वाढवूही नये. चौथ्या-पाचव्या फेरीपासून सांगणारीचा स्वर खाली येतो, विनवणी आणि उत्तर यांमधील विराम लांबतो, आणि 'घालू दे' यातील दीर्घ स्वर अधिक लांबविले जातात. एक फेरी आरंभी दहा सेकंदांची असली तर शेवटी ती वीस-पंचवीस सेकंदांची होते. अशा बारा-पंधरा फेऱ्या झाल्या म्हणजे चार-पाच मिनिटे सहज जातात. कामे संपली आणि मूल निजले नाही तर पाळण्यावर अडून राहता येते: एक झोका, आणखी एक झोका, बाळाने कूस बदलली, पुन्हा एक झोका. येथे बदलते पदही बदलेनासे होते आणि वाक्य निव्वळ पुनरावृत्तीच्या अवस्थेला पोचते. कथा आणि अंगाई यांमधील सीमा याच ठिकाणी पुसली जाते.

मूल निजले हे सांगणारीने अंधारात ओळखावे कसे? येथे हुंकाराचा उल्लेख अवश्य आहे. ऐकणाऱ्याने प्रत्येक वाक्यानंतर 'हूं' म्हणावयाचे, ही आपल्याकडील कथाकथनाची जुनी रीत आहे. हुंकार देणारा नसेल तर गोष्ट सांगू नये, असे म्हातारी माणसे म्हणत. मोठ्यांच्या बैठकीत हुंकार हा सांगणाऱ्याला दिलेला प्रतिसाद असतो. निजविण्याच्या कथेत तो मापक बनतो. आधी हुंकार वेळेवर येतो. मग तो उशिरा येतो, म्हणजे सांगणारीने पुढचे वाक्य उच्चारावयास घेतल्यावर. मग त्याचा ओठ मिटलेला, नुसता श्वासासारखा आवाज होतो. त्यानंतर एखादी फेरी हुंकारावाचून जाते आणि पुढच्या फेरीत तो अवचित परत येतो. अनुभवी स्त्री या रिकाम्या फेरीला फसत नाही. हुंकार एकदा चुकला म्हणून ती थांबली तर ते थांबणेच मुलाला जागे करते. लागोपाठ तीन-चार फेऱ्या रिकाम्या गेल्यावरही ती वाक्य अर्ध्यात सोडत नाही, स्वर उतरवीत नेते, आणि थोपटणारा हात सर्वांत शेवटी उचलते.

बिघडते ते बहुधा सांगणारीच्या हौसेने. कावळ्याचा आवाज घोगरा काढून दाखविला, की मूल हसते आणि सारे मुसळ केरात जाते. तसेच, ठरलेल्या पदाऐवजी एखादे अपूर्व पद घातले, समजा चिमणी बाळाला पाटी-पेन्सिल देऊ लागली, तर मूल ताडकन 'नाही' म्हणून चूक दाखवून देते. चूक दाखविणारे मूल पूर्ण जागे असते. प्रश्नाचेही तेच. चिमणीने मग काय केले असेल, असा प्रश्न मुलाला विचारणे हा दिवसाच्या गोष्टीचा गुण आणि रात्रीच्या गोष्टीचा दोष होय. या दृष्टीने बालवाडीतील कथाकथनाशी तुलना उद्‌बोधक आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ मध्ये कोसबाड येथे, अनुताई वाघ यांच्या साहाय्याने, ग्रामीण व आदिवासी मुलांच्या शिक्षणाचे जे काम उभारले, ते तत्कालीन ठाणे जिल्ह्यातच. बालवाडीत गोष्ट सांगतात ती मुलाने उठून उभे राहावे, हातवारे करावेत, पुढचे वाक्य आपण होऊन म्हणावे यासाठी. तेथेही पुनरुक्ती असते, परंतु ती चढत्या स्वराची. तीच पुनरुक्ती स्वर उतरता ठेवला की उलट काम करते. तेव्हा पुनरुक्तीने झोप येते असे सरसकट म्हणणे बरोबर नाही. पुनरुक्तीने अपेक्षा निर्माण होते, आणि त्या अपेक्षेचे काय करावयाचे हे सांगणाऱ्याच्या गतीवर व स्वरावर अवलंबून असते.

आता दापोडे आणि आसपासच्या आगरी बोलीकडे वळावयाचे. या बोलीचे तीन ध्वनिविशेष सर्वश्रुत आहेत. 'ण' चा 'न' होतो, 'ळ' चा 'ल' होतो, आणि शब्दाच्या मध्ये किंवा अंती येणाऱ्या 'ड' चा 'र' होतो. गाडीची 'गारी' होते, घोड्याचा 'घोरा' होतो. 'डोला' या शब्दात 'ळ' गेला तरी आरंभीचा 'ड' टिकतो. शिवाय प्रमाणभाषेतील नपुंसकलिंगी एकारान्त किंवा अनुस्वारान्त रूपांच्या जागी या बोलीत आकारान्त रूपे येतात. हे नियम आपल्या कथेला लावून पाहिले म्हणजे काय होते? शेणाचे घर 'शेनाचा घर' होते, मेणाचे 'मेनाचा'. बाळ 'बाल' होते, चिमणी 'चिमनी' होते, कावळा 'कावला'. शेण आणि मेण हे केवळ पहिल्या व्यंजनाने वेगळे होणारे शब्दयुग्म या बदलानंतरही अबाधित राहते, आणि ते राहणे आवश्यक होते, कारण दोन घरांचा सारा विरोध त्या एका व्यंजनावर उभा आहे.

खरी मौज तिसऱ्या नियमाने होते. कावळ्याच्या विनवणीत तीन शब्द मुख्य आहेत: ज्या घरासाठी तो आला ते 'घर', जे लावलेले आहे ते 'दार', आणि जे चिमणीने करावयाचे ते 'उघड'. प्रमाण मराठीत पहिल्या दोहोंचा शेवट 'र' ने होतो आणि तिसऱ्याचा 'ड' ने. आगरी नियमानुसार 'उघड' चे रूप 'उघर' होते. आता तिन्ही शब्द 'र' वर संपतात, आणि 'उघर' मध्ये तर 'घर' हा शब्दच अखंड ऐकू येतो. प्रमाण मराठीत या कथेला यमक नाही, असे वर म्हटले. आगरी बोलीत ते आपोआप सिद्ध होते. प्रमाण उच्चारातही शब्दान्तीचा 'ड' हा शब्दारंभीच्या 'ड' इतका कठीण नसतो, हे खरे. तरी तो मूर्धन्यच राहतो, आणि ओळीच्या अखेरीस जीभ वर वळवून येणारा तो एक ठोसा कानाला जाणवतो. आगरी रूपात कथेच्या मुख्य शब्दांतील ण, ळ, ड हे तिन्ही मूर्धन्य ध्वनी गळून न, ल, र हे मृदू ध्वनी उरतात. निजविण्यासाठी कोणी मुद्दाम ध्वनी निवडावयास बसला असता तर त्याने याहून वेगळे ध्वनी निवडले नसते.

परंतु येथे सावध राहिले पाहिजे. हे ध्वनिपरिवर्तन कथेसाठी झालेले नाही. ते गाडीत झाले, घोड्यात झाले, बाजारात आणि शेतावर झाले, आणि त्याच ओघात कथेतही झाले. लोककथांचे अभ्यासक कधीकधी अशा योगायोगात लोकप्रतिभा पाहतात. तो मोह टाळलेला बरा. ज्याला प्रतिभा म्हणता येईल ते वेगळेच आहे. बोलीने जे यमक फुकट दिले ते सांगणाऱ्यांनी ओळखले आणि ओळीच्या अखेरीस ठेवले. त्या जागी दुसरा पर्यायी शब्द आणून ते घालविले नाही.

बाळबोलीचाही येथे हात आहे. चिऊ आणि काऊ ही नावे पक्ष्यांच्या आवाजावरून घडलेली बाळबोलीतील नावे होत. मंमं, गाई, भूभू यांच्याच जातीची. अशोक केळकर यांनी मराठी बाळबोलीवर लिहिलेला निबंध १९६४ मध्ये 'वर्ड' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी फर्ग्युसन यांनी सहा भाषांतील बाळबोलींची तुलना केली, त्यांत मराठी एक होती. त्या अभ्यासांमुळे हे स्पष्ट झाले, की बाळबोली ही मुलांनी बिघडविलेली भाषा नसून मोठ्यांनी मुलांसाठी राखलेली आणि पिढ्यान्‌पिढ्या पोचविलेली भाषा आहे. तिचे शब्द पुष्कळदा दोन अक्षरांचे, द्विरुक्त आणि सोप्या व्यंजनांचे असतात. 'लीळाचरित्रा'तील साळईची चिमणी का झाली, याचे एक कारण येथे सापडावे. काऊशी जोडी जमण्यास चिऊच हवी होती, साळईला असे बाळबोलीतील सुटसुटीत नाव नव्हते. दुसरे कारण साधे आहे. चिमणी घराच्या वाशांत, तसबिरीच्या मागे घरटे करते. निजलेल्या मुलाच्या डोक्यावर तिचे घर असते.

आतापर्यंत कथेच्या शेवटाविषयी काही म्हटले नाही, ते हेतुपुरस्सर. दार उघडल्यावर काय होते याविषयी घरोघरी मतभेद आहेत. कोठे गारठलेल्या कावळ्याला चिमणी चुलीवरच्या तव्याशी ऊब घ्यावयास सांगते आणि त्याला चटका बसतो. कोठे तो रात्री दाणे खाताना सापडतो. कोठे नुसते दार उघडते आणि सारे निजतात. एवढी एकवाक्यता असलेल्या कथेत शेवटच अनिश्चित असावा, हे प्रथम चमत्कारिक वाटते. परंतु कथेचा उपयोग ध्यानात घेतला तर ते अपरिहार्य आहे. ज्या रात्री कथा यशस्वी होते त्या रात्री शेवट सांगितलाच जात नाही. शेवट सांगावा लागतो तो मूल जागे राहिले म्हणून, आणि मग जागे राहिलेल्या मुलाला चटक्याची गंमत हवी असते. जो भाग क्वचित सांगितला जातो तो पाठ होत नाही, आणि जो पाठ नाही तो जागोजागी वेगळा होतो. कथेचा मध्य सात शतके टिकला आणि शेवट टिकला नाही, याचे कारण स्मरणशक्तीत नसून निजेत आहे.

मुद्रणाने नेमके हे उलटे केले. १८८१ मध्ये विनायक कोंडदेव ओक यांनी 'बालबोध' मासिक सुरू केले, आणि त्यानंतर मराठी बालवाङ्मय छापील स्वरूपात वाढत गेले. छापील कथेला शेवट लागतो, आणि पुनरुक्ती ही तिला जागेचा अपव्यय वाटते. म्हणून बालपुस्तकांत चिमणीच्या कामांच्या तीन-चार फेऱ्या आढळतात आणि चटक्याचा प्रसंग सचित्र असतो. हे पुस्तक समोर धरून निजविण्यास बसणाऱ्या आईला कथा एका मिनिटात संपते आणि मूल तव्यावरच्या कावळ्याचे चित्र पाहण्यास उठून बसते. पुस्तकाला दोष देण्याचे कारण नाही. ते दिवसाचे वाचन आहे.

ध्वनिमुद्रित कथेची अडचण वेगळी. तीत फेऱ्या पुरेशा ठेवता येतात, स्वरही उतरता ठेवता येतो, आणि कित्येक ध्वनिमुद्रणांत तो तसा ठेवलेला असतोही. परंतु मुद्रित आवाजाला हुंकार ऐकू येत नाही. मूल तिसऱ्या मिनिटाला निजले तरी आवाज सहाव्या मिनिटापर्यंत बोलतो, आणि सातव्या मिनिटाला निजू पाहणाऱ्या मुलाला तो सहाव्या मिनिटालाच सोडून जातो. अशी कथा मुद्रित करावयाची झाल्यास दार न उघडलेलेच बरे. झोक्याची फेरी मंद करीत शेवटी शांततेत विरू द्यावी. त्यातल्या त्यात हाच मार्ग मूळ योजनेशी प्रामाणिक आहे.

मुद्रणाची भाषा साहजिकच प्रमाण मराठी असते, आणि शाळेचीही. जेथे आगरी घरातील थोरले मूल शाळेत शिकलेली कथा धाकट्याला सांगते, तेथे 'घर' आणि 'उघड' यांची पुन्हा फारकत होते. व्याकरणाच्या दृष्टीने ते मूल शुद्ध बोलते. बोलीने दिलेले यमक मात्र तेथे उरत नाही. दापोड्यासारख्या गावाच्या भोवतीचे जीवन एका पिढीत खाचरांकडून गोदामांकडे गेले. घरातील कुडाच्या भिंती व शेणाचे सारवणही गेले. पावसात शेणाचे घर कसे जाते, हे ज्या मुलाने आपल्या ओसरीवर पाहिलेले नाही त्याला आता शेणाचे घर हेच नवल वाटते. त्या नवलाचा प्रश्न पहिल्याच वाक्याला निघतो आणि कथा आरंभीच अडते. मग सांगणारीला शेण काय, ते वाहून कसे जाते, हे समजावून द्यावे लागते, आणि मूल तेवढा वेळ अधिक जागे राहते.

या कथेचे बोलीरूप टिपून ठेवावयाचे झाल्यास नेहमीची पद्धत अपुरी पडेल. दिवसा म्हातारीला समोर बसवून 'गोष्ट सांगा' म्हटले, की ती तीन फेऱ्या सांगते, मग 'असेच पुढे' म्हणते आणि शेवट सांगून मोकळी होते. संग्राहकाच्या वहीत मग छापील कथेसारखीच कथा उतरते. जे हवे ते रात्री, मुलाला निजविताना, त्या घरच्या संमतीने मुद्रित केले पाहिजे. टिपणात दोन आवाजांसाठी दोन स्तंभ असावेत: एकात सांगणारीचे वाक्य, दुसऱ्यात हुंकार, आणि प्रत्येक विरामाची लांबी सेकंदांत. अशा टिपणातील कथा बहुधा पाळण्याच्या एखाद्या फेरीत, दार लावलेले असतानाच थांबलेली आढळेल. सूचीकाराने तिच्यापुढे 'अपूर्ण' असा शेरा मारू नये.